जुन्या फोनचा कॅमेरा: चित्र कुठे राहतं आणि फोन किती टिकतो

बालाघाटकडे एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. अख्खं घर गोंदिया, नागपूर किंवा जबलपूरला निघतं. दाराला कुलूप लागतं, किल्ली शेजारी जाते आणि चार-आठ दिवस घरात कुणी नसतं. काही घरांत उलटं असतं. मुलं नोकरीसाठी पुण्या-नागपुरात आणि आई-वडील इथे एकटे. दोन्ही प्रकारच्या घरांत कपाटाच्या खणात एखादा जुना अँड्रॉइड फोन पडलेला असतो. काच तडकलेली, पण कॅमेरा शाबूत. त्या फोनला दाराकडे तोंड करून बसवावं आणि त्याचं चित्र आपल्या हातातल्या फोनवर पाहावं, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. तिच्याबद्दल उत्साही आणि शंकेखोर अशी दोन्ही मतं बरीच साचली आहेत. ती कुठवर आली आहेत, याचा हा आढावा.

कल्पना कुठून आली

फोनचा कॅमेरा घरातल्या वाय-फायवर दाखवणारी अ‍ॅप्स अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या वर्षांतच आली होती. त्यांतलं ‘आयपी वेबकॅम’ आजही वापरात आहे. मात्र ते घराच्या वाय-फायपुरतंच सोपं होतं. बाहेरगावाहून घर पाहायचं तर राउटरच्या सेटिंगशी झटापट करावी लागे. २०१४मध्ये तैवानहून ‘आल्फ्रेड’ आलं आणि ही झटापट संपली. दोन्ही फोनांवर एकाच खात्याने शिरायचं, एकावर ‘कॅमेरा’ निवडायचं, दुसऱ्यावर ‘व्ह्यूअर’. बाकीची जोडाजोड कंपनीचा सर्व्हर करतो. आज बहुतेक लोक ‘जुन्या फोनचा कॅमेरा’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हाच प्रकार असतो.

डिसेंबर २०१७मध्ये तिसरा विचार पुढे आला. गार्डियन प्रोजेक्ट आणि फ्रीडम ऑफ द प्रेस फाउंडेशन या संस्थांनी एडवर्ड स्नोडेन यांच्या सहभागाने ‘हेवन’ नावाचं अ‍ॅप काढलं. हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप ठेवून बाहेर पडणाऱ्या पत्रकारांसाठी ते होतं. हालचाल, आवाज, हादरा, उजेडातला बदल असं सगळं जुना फोन टिपणार आणि कुणाच्याही सर्व्हरवर न ठेवता मालकाला कळवणार. घरोघरी ते पोहोचलं नाही, पण चित्र नेमकं कुणाच्या ताब्यात राहतं हा प्रश्न त्याने ठसठशीत मांडला. पुढच्या बहुतेक मतभेदांच्या मुळाशी तोच प्रश्न आहे.

दरम्यान बाजार बदलला. तयार वाय-फाय कॅमेरा दीड-दोन हजारांत मिळू लागला. आधी ‘फुकटात होतंय तर का नको’ असा सवाल होता. आता ‘दीड हजारांत तयार मिळतोय तर हा खटाटोप कशाला’ असा आहे.

चित्र घराबाहेर कसं पडतं

पहिला वाद इथे आहे, म्हणून यंत्रणा थोडी समजून घेऊ. दोन फोन एकमेकांशी थेट बोलू शकले तर उत्तम. अडचण अशी की भारतात मोबाइल डेटावर आणि पुष्कळ घरगुती जोडण्यांवर ग्राहकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही. एकाच पत्त्यामागे कंपनी अनेक ग्राहक बसवते. बाहेरून कुणी त्या पत्त्यावर आलं तर नेमकं कुणाच्या घरी जायचं, हे त्याला कळायला मार्ग नसतो. आपलं घर अशा सामाईक पत्त्यामागे आहे का, हे तपासता येतं. राउटरच्या पानावर ‘WAN IP’ पाहावा. तो `10.`ने किंवा `100.64` ते `100.127` यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर उत्तर ‘आहे’ असं. मग जुन्या लेखांतला ‘पोर्ट फॉरवर्डिंग करा’ हा सल्ला त्या घरात चालणारच नाही, कितीही प्रयत्न केले तरी.

आल्फ्रेडसारखी अ‍ॅप्स यातून वाट काढतात. दोन्ही फोन आधी कंपनीच्या सर्व्हरला भेटतात. तो त्यांची गाठ घालून देतो. जमलं तर चित्र थेट जातं, नाही जमलं तर सर्व्हरमार्फत फिरून येतं. हालचाल दिसली की छोटी क्लिप कंपनीकडे साठते. ही बाजू मानणाऱ्यांचा युक्तिवाद सरळ आहे: चोराने कॅमेऱ्याचा फोनच उचलून नेला, तरी तो उचलतानाचं चित्र सुरक्षित राहतं.

विरुद्ध बाजू म्हणते की आपल्या बैठकीचं चित्र परक्या देशातल्या सर्व्हरवर का असावं? फेब्रुवारी २०२५मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रं बाहेर विकली जात असल्याचं उघड झालं. ते सीसीटीव्हीचं प्रकरण होतं, फोनचं नव्हे, पण इंटरनेटला लावलेला कॅमेरा कमकुवत कुलपाच्या मागे असला की काय होतं, ते सगळ्यांना दिसलं. या मताचे लोक आयपी वेबकॅम वापरतात. त्यात `Start server` दाबलं की फोनवर असा पत्ता उमटतो:

```
http://192.168.1.5:8080
```

घरातल्या कुठल्याही फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की चित्र दिसतं. सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये नाव आणि पासवर्ड लावणं आवश्यक, नाहीतर वाय-फाय माहीत असलेला प्रत्येक जण प्रेक्षक. बाहेरगावाहून पाहण्यासाठी दोन्ही फोनांवर टेलस्केलसारखी खाजगी बोगद्याची सोय बसवतात. मग जुन्या फोनला त्या जाळ्यातला वेगळा पत्ता मिळतो आणि त्याच पत्त्यापुढे `:8080` लावून चित्र उघडतं. यासाठी फोनवर अँड्रॉइड ८ किंवा पुढची आवृत्ती लागते. खणातले बरेच फोन इथेच गळतात.

माझ्या मते या वादात दोन्ही बाजू बरोबर आहेत, त्या वेगवेगळ्या भीतींना उत्तर देतात एवढंच. चोराची भीती मोठी असेल तर क्लिप घराबाहेर साठायला हवी. परक्या नजरेची भीती मोठी असेल तर ती घरात राहायला हवी. एकाच फोनावर दोन्ही पूर्ण साधत नाहीत.

एक घर धरून चालू

वादापेक्षा हिशेब बोलका असतो. वारासिवनी रस्त्यावरचं एक घर धरू. फायबरची जोडणी नाही, घरात इंटरनेट म्हणजे रोज दीड जीबीचं मोबाइल रिचार्ज. मंडळी आठ दिवस बाहेर. जुना फोन अँड्रॉइड ८चा, बॅटरी ३,००० एमएएच.

सेकंदाला एक मेगाबिट हा साध्या, बऱ्यापैकी स्पष्ट चित्राचा वेग. त्या वेगाने तासाला ४५० एमबी जातात, दिवसाला १०.८ जीबी. म्हणजे दीड जीबी साडेतीन तासांच्या आत संपतं. चित्र निम्मं बारीक केलं तर साडेसहा-पावणेसात तास. चोवीस तास चित्र पाहत राहण्याचा बेत मोबाइल डेटावर बसत नाही, हे पाटीवर लिहून ठेवावं. जमतं ते वेगळं: फोन स्वतः पाहत राहतो, हालचाल झाली तरच दहा-वीस सेकंदांची क्लिप पाठवतो आणि मालक दिवसातून तीन-चार वेळा मिनिटभर डोकावतो. असं केलं तर दीड जीबी पुरून उरतं.

पण मग हालचाल कशाला म्हणायचं, यावर सगळं येऊन ठेपतं. अ‍ॅप आधीच्या आणि आताच्या चित्रातला फरक मोजतं, माणूस ओळखतंच असं नाही. वाऱ्याने हलणारा पडदा, भिंतीवरची पाल, रस्त्यावरून वळणाऱ्या ट्रकचा झोत, सगळे चोरच. पहिल्या रात्री चाळीस सूचना आल्या की माणूस दुसऱ्या रात्री सूचना बंद करून टाकतो, आणि कॅमेरा असून नसल्यासारखा होतो. उपाय साधा आहे. फोन आतल्या भिंतीवर, दाराकडे तोंड करून लावावा. रस्ता चौकटीत येऊ देऊ नये. पंखा आणि पडदा टाळावेत. अ‍ॅपमध्ये क्षेत्र आखता येत असेल तर फक्त दाराची चौकट आखावी. जाण्याआधी एक रात्र घरात असतानाच चालवून पाहावं आणि किती खोट्या सूचना आल्या ते मोजून संवेदनशीलता उतरवावी.

खिडकीच्या काचेतून बाहेर पाहणारा फोन दिवसा छान दिसतो आणि रात्री खोलीचंच प्रतिबिंब दाखवतो. रात्रीचा दुसरा अडथळा भिंगामागे आहे. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यावर अवरक्त किरण अडवणारी गाळणी कायमची बसवलेली असते, रंग खरे दिसावेत म्हणून. सीसीटीव्हीत ती रात्री बाजूला सरकते, म्हणून त्याला अंधारात दिसतं. फोनला ते जमत नाही, आणि बाजारातले अवरक्त दिवे आणून लावले तरी फरक पडत नाही. त्याला दिसणारा उजेडच हवा. दाराजवळ झिरोचा एलईडी बल्ब रात्रभर ठेवला की चेहरा नाही तरी माणूस कळतो.

आणखी एक गोष्ट नेहमी फसवते. अँड्रॉइड ९पासून पडद्याआड गेलेल्या अ‍ॅपला सहसा कॅमेरा वापरता येत नाही, आणि त्याआधीच्या फोनांतही बॅटरी वाचवण्यासाठी कंपन्यांनी अ‍ॅप झोपवण्याच्या युक्त्या घातलेल्या असतात. लक्षण ठरलेलं: संध्याकाळपर्यंत सगळं ठीक, मध्यरात्रीनंतर एकही क्लिप नाही, सकाळी हात लावला की पुन्हा सुरू. असं दिसलं तर सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी-बचत बंद करावी, ‘ऑटोस्टार्ट’ चालू करावं आणि अ‍ॅप पडद्यावर उघडंच ठेवून उजेड शून्यावर आणावा.

फोन कॅमेरा करण्याआधी पूर्ण पुसून घ्यावा. त्यावर बँक, यूपीआय, जुने फोटो काही नको. दोन्ही फोनांवर अ‍ॅपसाठी नवं खातं वापरावं, ज्याचा आपल्या ईमेलशी संबंध नाही. जुन्या अँड्रॉइडला सुरक्षेची दुरुस्ती मिळणं कधीच थांबलेलं असतं. तो फोन भेदला गेला तरी त्यात दाराच्या चित्राशिवाय काही सापडू नये.

बॅटरीचा प्रश्न

यावर सर्वांत कमी बोललं जातं, आणि खरं तर सर्वांत जास्त बोलायला हवं. कॅमेरा, वाय-फाय आणि चित्र आवळण्याचं काम मिळून फोन साधारण दोन वॅट खातो. ३,००० एमएएचची बॅटरी म्हणजे सुमारे ११ वॅट-तास, ती नवी असताना पाच-सहा तास पुरेल. म्हणून फोन चार्जरला लावूनच ठेवावा लागतो. विजेचं बिल नगण्य, महिन्याला दोन युनिटांच्या आसपास. नुकसान होतं ते बॅटरीचं.

लिथियम बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत: काठोकाठ भरलेलं राहणं आणि उष्णता. भरलेल्या अवस्थेत ती ४.२ व्होल्टच्या ताणाखाली असते. त्यात ऊब मिळाली की आतला द्रव हळूहळू विघटित होतो, वायू तयार होतो आणि पिशवी फुगते. ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये असा सर्वसाधारण दंडक आहे. बालाघाटला मेच्या दुपारी बंद घरात, कवेलू किंवा पत्र्याखाली, हवाच चाळिशीपलीकडे जाते. फोनची स्वतःची ऊब त्यावर. म्हणजे पुण्या-मुंबईच्या घरात वर्षभर चालणारी जुळणी इथे उन्हाळ्यात धोक्याच्या रेषेवर असते.

यावर तीन मतं आहेत. पहिलं म्हणतं, फोनला चार्जिंग थांबवायची अक्कल असते, काळजी नको. हे अर्धसत्य आहे. फोन जादा भरत नाही, पण भरलेलाच ठेवतो, आणि त्रास तिथेच आहे. काही नव्या फोनांत ८०-८५ टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. खणातल्या फोनांत बहुधा नसते.

दुसरं मत टायमरचं. सॉकेटमध्ये बसणारा साधा फिरता टायमर आणून एक तास चालू, एक तास बंद ठेवायचा. पाच वॅटचा जुना चार्जर त्या एका तासात फोन चालवून साधारण अडीच वॅट-तास भरतो, पुढच्या तासात दोन खर्च होतात. हिशेब जवळपास जुळतो. मात्र टायमर आंधळा असतो, बॅटरी किती भरली हे त्याला दिसत नाही. एक-दोन दिवसांत ती हळूहळू शंभराकडे सरकतेच, फक्त तिथे अर्धाच वेळ राहते. फायदा आहे, पूर्ण उपाय नाही. वीज गेली की टायमरचं घड्याळ थांबतं, पण तास-तासाच्या पाळीत त्याने बिघडत नाही.

तिसरं मत हौशी कारागिरांचं: बॅटरी काढून थेट चार व्होल्टचा पुरवठा जोडा. हाताला सोल्डरिंगची सवय असणाऱ्यांनाही मी हे सुचवणार नाही. फोन क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, बॅटरीच्या तिसऱ्या तारेवरून तापमान वाचतो, ते न मिळाल्यास सुरूच होत नाही. आणि बॅटरी गेली की फोनचा एक मोठा गुणही जातो. वीज गेल्यावर स्वस्त वाय-फाय कॅमेरा तत्क्षणी आंधळा होतो, फोन मात्र तासन्‌तास पाहत राहतो. सिमवर चालत असेल तर कळवतही राहतो. आमच्याकडच्या वीजपुरवठ्यात हा फरक लहान नाही.

फुगलेली बॅटरी ओळखणं सोपं आहे. सपाट टेबलावर फोन ठेवला की डगमगतो, मागचं झाकण एका कडेला उचललेलं दिसतं किंवा पडद्याच्या काठाला उजेडाची रेघ फुटते. असं काहीही दिसलं की चार्जर काढावा, दाबू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. आणि बसवतानाच फोन लाकडी फळीवर, पडद्यापासून आणि गादीपासून दूर असावा. बंद घरात तापणारा फोन कापसाजवळ ठेवणं म्हणजे चोर परवडला.

पुरावा आणि मर्यादा

चित्र मिळालं, चोरही दिसला. पुढे काय? इथे जालन्याचा एक खटला वाचण्यासारखा आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याची जागा २९६ मतांनी गेली. उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला गेला, असा आक्षेप आला आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओचा. चित्रं सीडीवर आली, पण त्यांच्यासोबत कायद्याला हवं असलेलं प्रमाणपत्र काही केल्या मिळेना. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश किशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियम स्पष्ट केला: नक्कल द्यायची तर प्रमाणपत्र अनिवार्य, पण मालकाने मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं तर त्याची गरज नाही.

जुन्या फोनच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे. क्लिप फोनच्या स्वतःच्या मेमरीत असेल तर फोन हेच मूळ यंत्र. ती फक्त कंपनीच्या सर्व्हरवर असेल आणि आपण डाउनलोड करून पेनड्राइव्हवर दिली, तर ती नक्कल. १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३मधल्या प्रमाणपत्राला आता दोन भाग आहेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, शिवाय फाइलचं हॅश मूल्यही द्यावं लागतं. त्याच कायद्याच्या कलम ५७चं एक स्पष्टीकरण मात्र सांगतं की एकाच वेळी साठवलेलं आणि दुसरीकडे पाठवलेलं चित्रीकरण असेल, तर साठलेली प्रत्येक प्रत प्राथमिक पुरावा मानावी. जणू आपल्या जुळणीचंच वर्णन. ही दोन कलमं एकमेकांशी कशी जुळवायची, हा प्रश्न अजून वकिलांच्या चर्चेत आहे. तोवर शहाणपण एवढंच की क्लिप दोन्हीकडे साठवावी आणि घटना घडल्यावर फोनमध्ये काहीही न खोडता, न छाटता तो जपून ठेवावा.

कायद्याची दुसरी बाजू घरातल्याच माणसांची आहे. वैयक्तिक किंवा घरगुती कामासाठी केलेला वापर २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातून वगळलेला आहे, म्हणून घरात काहीही चित्रित करायला मोकळीक आहे असा समज होतो. तो चुकीचा आहे. कुणाच्या खाजगी अवस्थेचं चित्र त्याच्या संमतीविना घेणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ईखाली गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. कोलकात्यात एकाच घरात राहणाऱ्या दोन भावांच्या वादात उच्च न्यायालयाने २०२५मध्ये सांगितलं की सहरहिवाशाच्या संमतीविना राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. आमच्याकडच्या एकत्र वाड्यांना, जिथे ओसरी एक आणि चुली दोन असतात, हा निर्णय थेट लागू पडण्यासारखा आहे. आई-वडिलांसाठी लावलेला कॅमेराही त्यांना विचारून, त्यांच्या झोपण्याच्या खोलीबाहेरच असावा. ते विचारणं पुष्कळ घरांत राहून जातं.

काय ठरलं, काय नाही

काही गोष्टींवर आता फारसा वाद उरलेला नाही. घराबाहेर, पावसात, बारा महिने चालवायचा तर जुना फोन नको, तयार कॅमेरा घ्यावा. अंधारात पाहायचं असेल तरीही तोच. घरात, ठरावीक दिवसांसाठी, वीज भरवशाची नसताना आणि फायबर नसलेल्या घरात मात्र फोन आजही सरस ठरतो. कारण त्याच्यात बॅटरी आणि सिम दोन्ही आहेत.

न सुटलेलं आहे ते वयाचं. कुठला फोन किती जुना झाला की त्याला अशा कामाला लावू नये, याचा कुणी मान्य केलेला निकष नाही. सॉफ्टवेअरकडून पाहणारे अँड्रॉइडची आवृत्ती विचारतात, बॅटरीकडून पाहणारे तापमान. तयार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी एप्रिल २०२५पासून केंद्र सरकारने सुरक्षा चाचण्या सक्तीच्या केल्या. कॅमेऱ्याचं काम करणाऱ्या जुन्या फोनचं प्रमाणपत्र कोण देणार?

तोवर निकाल हंगामापुरता द्यावा. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस बाहेर जायचं असेल तर खणातला फोन बेलाशक लावा, एक रात्र आधी तपासून. मेमध्ये बंद घरात लावणार असाल तर खालच्या, गार खोलीत लावा, टायमर जोडा आणि परत आल्यावर पहिल्यांदा चार्जर काढून फोन टेबलावर सपाट ठेवून पाहा.